इश्काच्या सात पायऱ्या : एक लोकप्रिय भ्रम

गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित मराठी कुटुंबांत उर्दू कवितेची गोडी वाढत चालली आहे. देवनागरींत छापलेले दीवान घरोघर दिसूं लागले आहेत, गझलेच्या मैफलींस गर्दी होते, आणि दोन-चार शेर तोंडपाठ असणें हें रसिकतेचें लक्षण मानलें जातें. ह्या गोष्टीचा आम्हांस आनंदच आहे. परंतु गोडीच्या पाठोपाठ एक भ्रमहि घरांत शिरला आहे, आणि तो इतका गोंडस आहे कीं त्यास हांकलून देण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. इश्काच्या म्हणे सात पायऱ्या आहेत : दिलकशी, उन्स, मोहब्बत, अकीदत, इबादत, जुनून आणि मौत. मैफलीचा निवेदक हें मोठ्या गंभीरपणें सांगतो, श्रोते माना डोलवितात, आणि दुसरे दिवशीं तीच यादी हातोहातीं फोनांवरून फिरते. २०१४ सालच्या 'डेढ इश्किया' ह्या चित्रपटांत ती एका पात्राच्या तोंडीं घातली आहे. अशा आधारानें तिला आतां शास्त्राचें रूप येऊं पाहत आहे. यादीवरून पुढचें अनुमान आपोआप निघतें. मोहब्बत ही तिसरी पायरी, म्हणजे ती कच्ची. इश्क हा सगळा जिना, म्हणजे तो पक्का. कवीनें 'मोहब्बत' लिहिलें तर तो अर्ध्या वाटेवर आहे असें समजावें. 'इश्क' लिहिलें तर पोंचला असें समजावें!

ह्या यादीवर टीका करण्यापूर्वीं आमचा स्वतःचा अपराध कबूल केला पाहिजे. एके काळीं आम्हीहि तिचे प्रचारक होतों. वर्गांत गझलेचा परिचय करून देतांना आम्हीं ती फळ्यावर लिहीत असूं, आणि मुलें ती वहींत उतरून घेत असत. एके वर्षीं औरंगाबादेकडून आलेली एक विद्यार्थिनी उठून उभी राहिली. तिच्या घरीं दखनी बोलत. ती म्हणाली, "सर, माझी दादी म्हणते, मोहब्बतीनं वाढलेलं अन्न अंगी लागतं. मग माझी दादी तिसऱ्या पायरीवर, आणि आमच्या कोपऱ्यावर शिट्या मारीत उभी असणारी इश्कबाज पोरं तिच्या वर का ?" वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों. पण उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. आणि घरीं येऊन कोश व जुने ग्रंथ चाळूं लागलों तेव्हां आढळलें कीं चूक त्या मुलीच्या दादीची नसून आमच्या फळ्याची होती.

प्रथम त्या सात शब्दांकडेच नीट पाहावें. पायऱ्या म्हटल्या कीं त्या एकाच जातीच्या असल्या पाहिजेत. लांकडाच्या जिन्यांत एक पायरी पाण्याची व एक वाऱ्याची असत नाहीं. येथें दिलकशी म्हणजे चित्त ओढून घेण्याचा गुण. हा गुण प्रिय वस्तूचा आहे, प्रेम करणाऱ्याची भावना नव्हे. अकीदत म्हणजे गुरूविषयीं किंवा पीराविषयीं असते ती श्रद्धा. इबादत ही उपासनेची क्रिया आहे, जुनून हा वेडाचा विकार आहे, आणि मौत ही घटना आहे. राहतां राहिले उन्स आणि मोहब्बत. हे दोनच शब्द खऱ्या अर्थानें प्रेमाचे. सातांपैकीं पांच ज्या यादींत प्रेमाचीं नांवेंच नव्हेत, तिच्यावरून प्रेमाच्या नांवांची योग्यता कशी ठरवावी ?

आमच्या प्राचीनांनाहि अशी यादी ठाऊक होती, परंतु त्यांनीं ती योग्य ठिकाणीं ठेविली. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत कामाच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत. त्या नेत्रांच्या प्रीतीपासून निघून निद्रानाश, कृशता, लज्जानाश, उन्माद, मूर्च्छा अशा चढत जाऊन मरणापाशीं थांबतात. परंतु निद्रानाश हा 'प्रेम' शब्दाचा पर्याय आहे असें कोणी पंडितानें म्हटलेलें नाहीं. अवस्था हें रोग्याचें वर्णन आहे. पर्यायशब्द ही भाषेची संपत्ति आहे. ह्या दोहोंची गल्लत हेंच सात पायऱ्यांच्या भ्रमाचें मूळ.

दुसरी एक चुकीची समजूत ह्याच ओघांत दूर केली पाहिजे. इश्क, मोहब्बत, उल्फत, उन्स ह्या शब्दांस आपण सरसकट फारसी म्हणतों. ते उर्दूंत फारसीच्या वाटेनें आले हें खरें. त्यांना काव्याचें तेज फारसी कवींनींच दिलें हेंहि खरें. परंतु जन्मानें ते सर्व अरबी आहेत. ज्यास जन्मानेंच फारसी म्हणावें असा प्रेमवाचक शब्द 'मेहर' हा आहे. तो आपल्या वैदिक 'मित्र' शब्दाचा सख्खा भाऊ असून सूर्य आणि स्नेह हे दोन्ही अर्थ बाळगतो, आणि आपण त्यास 'मेहेरबान' ह्या रूपानें रोज भेटतों. हा भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा नाहीं. अरबी शब्द एकटा कधीं येत नाहीं. तीन मूळ व्यंजनांतून निघालेलें त्याचें सारें कुटुंब त्याच्या मागून येतें, आणि शब्दाची छटा कुटुंबावरून ओळखावी लागते.

इश्काचें कुटुंब पाहा. आशिक म्हणजे प्रेम करणारा, माशूक म्हणजे ज्याच्यावर प्रेम जडलें तो. ह्या घरांत नातें एकाच प्रकारचें : एक जळणारा आणि एक जाळणारा. मोहब्बतीचें कुटुंब ह्याहून पुष्कळ मोठें आहे. महबूब म्हणजे प्रिय, हबीब म्हणजे जिवलग, मुहिब म्हणजे स्नेह करणारा, आणि हुब्ब म्हणजे सामान्यतः प्रेम, ज्यावरून देशभक्तीस उर्दूंत 'हुब्ब-ए-वतन' म्हणतात. ह्या घरांत प्रियकर आहे, तसा मित्र आहे, आई आहे, देश आहे आणि ईश्वरहि आहे. उर्दू बोलणारी आई मुलावर मोहब्बत करिते. तिनें मुलावर इश्क केला असें म्हटलें तर ऐकणारा कानांवर हात ठेवील. पाहुण्याचें स्वागत मोहब्बतीनें होतें, इश्कानें होत नाहीं. उलट 'इश्कबाजी' हा शब्द आहे, 'मोहब्बतबाजी' असा शब्द रूढ नाहीं. कारण ज्या वस्तूंत मर्यादा ओलांडण्याचा धोका आहे तिचाच खेळ होऊं शकतो. शाहिरांच्या लावणीनें मराठींत आणलेला 'इष्क' आणि त्यापासून झालेला 'इष्की' हा शब्द हीं ह्याच खेळाच्या बाजूचीं. तेव्हां इश्क हा शब्द एकाच वेळीं मोहब्बतीच्या वर आणि खालीं आहे. साधूच्या तोंडीं तो ईश्वरापर्यंत जातो, आणि कोपऱ्यावरच्या टवाळाच्या तोंडीं नालीपर्यंत. जी वस्तु अशी वरखालीं फिरते तिला पायरी म्हणतां येत नाहीं.

हा मर्यादेचा मुद्दा आमच्या पदरचा नाहीं. तो हजार वर्षांमागचा आहे आणि त्यापायीं माणसांवर खटले झाले आहेत. कुराणांत 'इश्क' हा शब्द आलेला नाहीं. 'हुब्ब' ह्या घराण्याचे शब्द अनेक ठिकाणीं आले आहेत. म्हणून ईश्वरावरील प्रेमास धार्मिक लोक मोहब्बत म्हणत आणि त्यांत कोणास वावगें वाटत नसे. नवव्या शतकाच्या उत्तरार्धांत बगदाद येथें अबुल-हुसैन नूरी नांवाचा सूफी होता. त्यानें स्वतःच्या आणि ईश्वराच्या नात्याविषयीं बोलतांना इश्काचें क्रियापद वापरलें, आणि ह्या शब्दामुळें त्याच्यावर पाखंडाचा आरोप आला. आरोप प्रेमाचा नव्हता, शब्दाचा होता. पुढें इ. स. १०४५ च्या सुमारास अल्-कुशैरी ह्या सूफी पंडितानें आपला प्रसिद्ध 'रिसाला' रचिला. त्यांत त्यानें आपले गुरु अबू अली दक्काक ह्यांचें मत दिलें आहे. दक्काक म्हणत कीं प्रेमांत मर्यादेचें उल्लंघन होणें ह्यास इश्क म्हणतात. ईश्वर मर्यादा ओलांडतो असें म्हणतां येत नाहीं, आणि मनुष्य कितीहि प्रेम करो, ईश्वराच्या योग्यतेपेक्षां तें अधिक होऊंच शकत नाहीं. म्हणून दोघांपैकीं कोणालाहि हा शब्द लावूं नये.

वैद्यांचेंहि मत ह्याहून फारसें निराळें नव्हतें. इब्न सीना ह्या जगद्विख्यात हकीमानें आपल्या वैद्यकग्रंथांत इश्काची गणना मस्तकाच्या विकारांत, उदासीनतेच्या रोगाजवळ केली आहे. रोगी प्रियेचें नांव सांगत नसेल तर काय करावें हेंहि त्यानें लिहून ठेविलें आहे. त्याची नाडी धरून बसावें, एकामागून एक नांवें उच्चारावींत, आणि ज्या नांवाशीं नाडीची चाल बदलते तें ध्यानांत ठेवावें. मग गल्ल्यांचीं, घरांचीं नांवें घेऊन शोध पुरा करावा. धर्मपंडितास जो अतिक्रम, तो वैद्यास रोग. मोहब्बतीसाठीं नाडी धरून बसण्याचें कारण कोणास पडलें नाहीं.

मग फारसी कवींनीं आणि सूफींनीं काय केलें ? त्यांनीं तो शब्द धुवून शुद्ध केला नाहीं. त्याचा कलंक तसाच ठेवून तोच मुकुट म्हणून डोक्यावर घातला. इमाम गझाली ह्यांचे धाकटे बंधु अहमद गझाली, हे इ. स. ११२६ मध्यें वारले. त्यांनीं फारसींत 'सवानिह' नांवाचें लहानसें पुस्तक लिहिलें. त्याचा सगळा विषय इश्क हाच आहे, आणि तेथून फारसी काव्यांत ह्या शब्दाचें राज्य सुरू झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं. ज्यास शिष्ट लोक अतिक्रम म्हणतात तोच आमचा मार्ग, ज्यास वैद्य रोग म्हणतात तेंच आमचें आरोग्य, अशी ही भूमिका आहे. उर्दूच्या कवीस हा शब्द ह्या साऱ्या इतिहासासकट मिळाला. म्हणून उर्दू गझलेंतला इश्क म्हणजे 'पुष्कळ मोहब्बत' नव्हे. तो लोकांच्या दृष्टीनें अपराध असलेला, शिक्षेस पात्र असलेला, आणि तरीहि न सोडलेला असा भाव आहे. मोहब्बतीस समाजाचा आशीर्वाद मिळूं शकतो. इश्कास तो मिळाला कीं कवितेंत त्याला कांहीं काम उरत नाहीं.

येथें प्रतिपक्षी म्हणेल कीं, 'जुन्या ग्रंथांत पायऱ्या मुळींच नव्हत्या असें थोडेंच आहे ?' नव्हत्या असें आम्ही म्हणत नाहीं. त्या होत्या, आणि त्यांनींच ह्या यादीचा निकाल लागतो. निशापूरचा भाषापंडित सआलिबी (मृत्यु इ. स. १०३८) ह्यानें अरबी शब्दांचे सूक्ष्म भेद सांगणारा एक ग्रंथ लिहिला. त्यांत प्रेमाच्या अवस्था क्रमानें दिल्या आहेत. आरंभ 'हवा' म्हणजे मनाचा कल येथून होतो. इश्क तेथें चौथा येतो, आणि त्याच्या पुढें हृदयाचा पडदा भेदणारी, मनुष्यास गुलाम करणारी, बुद्धि घालविणारी, रानोमाळ भटकविणारी अशा आणखी कित्येक अवस्था येतात. म्हणजे येथें इश्क शिखर नाहीं, मध्यावरचा टप्पा आहे. आणि ही सर्व पंक्ति ज्याची म्हणून दिली आहे तें नांव कोणतें ? हुब्ब ! मोहब्बतीची सख्खी बहीणच येथें साऱ्या जिन्याची मालकीण आहे, आणि इश्क तिच्या जिन्याची एक पायरी. आमच्या फळ्यावरच्या यादीच्या हें अगदीं उलट झालें.

दुसरी पंक्ति अत्तार ह्या फारसी कवीच्या 'मंतिक-उत्-तैर' ह्या काव्यांतील. तेथें खरोखरच सात आहेत. परंतु त्या पायऱ्या नसून पक्ष्यांना ओलांडाव्या लागणाऱ्या दऱ्या आहेत. शोध, इश्क, ज्ञान, निरिच्छता, एकत्व, विस्मय, आणि शेवटीं दारिद्र्य व लय असा त्यांचा क्रम आहे. इश्क येथें दुसरी दरी आहे; मोहब्बत, जुनून आणि मौत ह्यांच्या नांवाची दरीच नाहीं. हल्लींच्या यादीनें सात हा आंकडा आणि शेवटचा लय ह्याच काव्यावरून उचलला असावा असा आमचा तर्क आहे. पण मधला सगळा प्रवास तिनें टाकून दिला. एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. विस्मय, म्हणजे 'हैरत', ही सहावी दरी आहे आणि ती इश्काच्या पुष्कळ पुढें आहे. तिचें काम लगेच पडणार आहे.

आतां हें सर्व एका खऱ्या कवितेवर लावून पाहूं, आणि ती कविता आपल्याच मुलुखांतली घेऊं. अठराव्या शतकांत औरंगाबाद येथें, म्हणजे २०२३ पासून ज्यास छत्रपती संभाजीनगर हें नांव आहे त्या शहरीं, सिराज औरंगाबादी नांवाचे सूफी कवि होऊन गेले. तरुणपणीं कांहीं वर्षें ते भानावर नसत आणि खुलताबादेस बुऱ्हाणुद्दीन गरीब ह्यांच्या दर्ग्याच्या परिसरांत भटकत, असें त्यांच्या चरित्रांत आहे. तेव्हां वेड म्हणजे काय हें त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. त्यांची एक गझल आजहि कव्वालीच्या मैफलींत गाइली जाते. तिच्या पहिल्या शेराचा आशय असा : इश्काच्या विस्मयाची वार्ता कानीं आली, आणि जुनूनहि राहिला नाहीं व परीहि राहिली नाहीं, तूं राहिला नाहींस, मी राहिलों नाहीं, उरली ती केवळ बेभानता.

सात पायऱ्यांच्या यादीनें हा शेर वाचूं लागलें तर काय होतें तें पाहावें. जुनून ही सहावी पायरी. ती कवीनें गमाविली. म्हणजे बिचारा वर चढतां चढतां खालीं घसरला! निवेदकमहाशय ह्यापुढें काय सांगणार ? फार तर 'जुनूनानंतर मौत येते' असें म्हणून वेळ मारून नेतील. परंतु शेरांत मृत्यूचें नांवहि नाहीं.

खरा अर्थ शब्दांच्या कुटुंबांत आहे. 'जुनून' हा 'जिन्न' ह्याच धातूचा. ज्याला अदृश्य योनीनें झपाटलें तो मजनून. फारसी समजुतीप्रमाणें परीची छाया पडली कीं मनुष्य वेडा होतो. तेव्हां जुनून आणि परी ही जोडी आहे : एक झपाटलेपण, दुसरी झपाटणारी. कवीनें दोन्हीं एकदम नाहींशीं केलीं, म्हणजे रोगहि गेला आणि रोगाचें कारणहि गेलें. पुढच्या ओळींत 'तूं' आणि 'मी' ही दुसरी जोडी तशीच जाते. कशानें ? 'तहय्युर' म्हणजे विस्मयानें, आणि तहय्युर हा हैरतीचाच सहोदर आहे. येथें अत्तारची सहावी दरी समोर उभी राहते. वेड्या मनुष्यास निदान आपण कोणासाठीं वेडे आहों एवढें ठाऊक असतें. विस्मयांत तेवढेंहि उरत नाहीं. वेड हा इश्काचा कळस नसून वेड पडण्याइतकाहि 'मी' शिल्लक न राहणें हा कळस आहे, असें सिराज सांगत आहेत. आणि ते सांगणारा मनुष्य वर्षानुवर्षें भानावर नव्हता! एवढी मोठी गोष्ट ज्या शेरांत आहे, तो आम्ही पायऱ्यांच्या यादीस बळी देत होतों.

ह्याच गझलेवरून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती यादीवाल्यांच्या स्वप्नांतहि येत नाहीं. ती गोष्ट वृत्ताची. माधव जूलियन ह्यांनीं गझलेचीं वृत्तें मराठींत रुजविल्यापासून आपल्या वाचकांस लघुगुरूंनीं उर्दू शब्द मोजणें अवघड वाटूं नये. 'इश्क' ह्याचें माप एक गुरु आणि एक लघु. 'मोहब्बत' ह्याचा उच्चार मु-हब्-बत, म्हणून त्याचें माप एक लघु आणि दोन गुरु, आपला यगणच. सिराजांच्या ह्या गझलेचें वृत्त कामिल आहे. त्यांत दोन लघु, एक गुरु, एक लघु, एक गुरु असा पांच अक्षरांचा तुकडा चार वेळां येतो. कितीहि वेळां म्हणून पाहा, त्यांत दोन गुरु शेजारीं शेजारीं कोठेंच सांपडणार नाहींत. अर्थात् मोहब्बत हा शब्द आपल्या साध्या रूपांत ह्या वृत्तांत बसूंच शकत नाहीं. शेवटचा 'त' पुढच्या स्वरांत मिळवून अथवा षष्ठीच्या 'ए' नें जोडून तो लघु करावा तेव्हांच त्यास प्रवेश. इश्क मात्र सहज बसतो. उलट, एक लघु आणि तीन गुरु अशा तुकड्यांच्या हजज वृत्तांत ओळीचा आरंभ 'मोहब्बत' शब्दानें खुशाल करावा. 'इश्क' शब्दानें तो करतां येत नाहीं, कारण ओळ लघूनें उघडते आणि इश्क गुरूनें उघडतो.

म्हणजे 'अमुक कवीनें ह्या ठिकाणीं मोहब्बत न म्हणतां इश्क म्हटलें, पाहा केवढी खोल दृष्टि' असें जें विवेचन ऐकूं येतें, त्यांत पुष्कळदां कवीची दृष्टि नसून वृत्ताची सक्ति असते. ह्यावरून शब्दांची निवड हा निव्वळ योगायोग असतो असें मात्र कोणी समजूं नये. जेथें दोन्ही शब्द बसले असते तेथें एकच निवडला गेला, तर ती निवड साक्षीस बोलावतां येते. जेथें एकच बसत होता तेथें ती साक्ष घेतां येत नाहीं. हा साधा पुराव्याचा नियम आहे; न्यायालयांत जो पाळतात तो काव्यांत कां पाळूं नये ?

आणि जेथें वृत्ताचें बंधनच नाहीं अशी एक जागा प्रत्येक कवितेंत असते, ती म्हणजे तिचें शीर्षक. फैज अहमद फैज हे १९५१ सालीं पाकिस्तानांत राजद्रोहाच्या कटाच्या आरोपावरून तुरुंगांत गेले, आणि ते तेथें असतांनाच १९५२ सालीं त्यांचा 'दस्त-ए-सबा' हा संग्रह निघाला. त्यांत 'दो इश्क' नांवाची कविता आहे. पहिला इश्क प्रियेवरचा, दुसरा देशावरचा. देशासहि त्यांनीं लैलाच कल्पिलें आहे. शीर्षकास मापाचें बंधन नव्हतें. 'दो मोहब्बतें' असें लिहिण्यास त्यांना कोणी अडविलें नव्हतें. इतकेंच नव्हे, तर देशप्रेमाचा रूढ शब्द 'हुब्ब-ए-वतन' हा मोहब्बतीच्याच घरचा. तरीहि त्यांनीं इश्क शब्द घेतला. कां ? हुब्ब-ए-वतन हा शाळेच्या पुस्तकांतला सद्गुण आहे. त्याबद्दल मुलांस बक्षीस मिळतें. तुरुंगांत बसलेल्या मनुष्याचें देशप्रेम हें सरकारच्या दृष्टीनें मर्यादेचें उल्लंघन होतें, आणि मर्यादेच्या उल्लंघनास इश्क म्हणतात हें दक्काकांनीं नऊशें वर्षांपूर्वीं सांगून ठेविलेंच होतें. प्रिया आणि देश ह्यांत येथें वरची पायरी नाहीं, खालची पायरी नाहीं. दोन्हीं ठिकाणीं अपराध एक, शिक्षा एक, आणि पश्चात्ताप दोहोंचाहि नाहीं. एका शीर्षकाच्या दोन शब्दांत केवढा अर्थ बसला आहे ! सात पायऱ्या पाठ केलेल्या वाचकास तो दिसणार नाहीं. त्यास एवढेंच वाटेल कीं कवीनें मोठा शब्द वापरला.

आमच्यावर असा आक्षेप येईल कीं, 'सामान्य रसिकास एवढा खटाटोप कशाला ? एक सोपी यादी मिळाली, तिनें गोडी लागली, पुरे झालें.' हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं, कारण तो रसिकास बालक समजतो. रसिकास यादीहून कठीण असें कांहींच करावयाचें नाहीं. शब्द समोर आला कीं त्यानें तीन प्रश्न विचारावे. हा शब्द साध्या बोलण्यांत कोणी कोणाविषयीं वापरतें ? ह्याच्या कुटुंबांतले दुसरे कोण शेरांत हजर आहेत ? आणि ह्या मापांत दुसरा शब्द बसला असता काय ? पहिल्या प्रश्नाचें उत्तर उर्दू बोलणारा कोणताहि शेजारी देईल, दुसऱ्याचें कोश देईल, आणि तिसऱ्याचें आपलीं बोटें देतील.

शिवाय ह्या यादीनें उर्दूपेक्षां आपल्या मराठीचें अधिक नुकसान होत आहे. 'उर्दूंत प्रेमाला सात शब्द आणि मराठींत एकच' असा हळहळण्याचा सूर हल्लीं वारंवार ऐकूं येतो. माया, ममता, लळा, जिव्हाळा, स्नेह, प्रीति, ओढ हे शब्द मग कोणाचे ? आईची असते ती माया. वासराचा लागतो तो लळा. शेजाऱ्याविषयीं वाटतो तो जिव्हाळा. सासरीं गेलेल्या मुलीस माहेराची असते ती ओढ. उद्यां कोणी ह्या शब्दांना आंकडे घालून माया पहिली, लळा दुसरा, जिव्हाळा तिसरा असा जिना बांधला, तर प्रत्येक मराठी घरांतली आजी त्यास वेड्यांत काढील. ती काढील, कारण भाषा तिची आहे. उर्दूच्या बाबतींत आपण तसें करूं शकत नाहीं, कारण ती भाषा आपण घरांत न ऐकतां यादींत वाचतों.

त्या विद्यार्थिनीस आम्हीं पुढें उत्तर दिलें. परंतु त्यास एक वर्ष लागलें, आणि तोंवर ती परीक्षा देऊन जाण्याच्या बेतांत होती. आम्हीं सांगितलें कीं तुझी दादी कोणत्याच पायरीवर नाहीं, कारण जिनाच नाहीं. ती आपल्या शब्दाच्या घरांत आहे आणि तें घर मोठें आहे. ती म्हणाली, "दादीला सांगते, सर. पण तिला हे आधीच ठाऊक असेल." त्या दिवसापासून आम्हीं ती यादी फळ्यावर लिहिलेली नाहीं. तिच्या जागीं सिराजांची गझल लिहितों, आणि तिच्या खालीं लघुगुरूंचीं चिन्हें मांडतों.